जांघेतली आणि बेंबीची गाठ: हर्निया तातडीचा कधी होतो

प्रश्न: माझे वडील ६१ वर्षांचे आहेत, शेती करतात. दोन वर्षांपासून उजव्या जांघेत गाठ येते; खोकले किंवा पोते उचलले की वाढते, आडवे झाले की जाते. महिनाभरापासून ती दुखू लागली आहे. ते कमरेला पट्टा बांधतात आणि ऑपरेशन नको म्हणतात. आईलाही बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ आहे, बऱ्याच वर्षांपासून, पण ती पूर्ण आत जात नाही. तिला शुगर आहे. मोठा दवाखाना आमच्या गावापासून दीड तासावर आहे. यात घाबरण्यासारखे नेमके काय, आणि रात्री-अपरात्री लगेच निघायचे ते कधी?

उत्तर: मी तालुक्याच्या गावी २७ वर्षे शस्त्रक्रिया करतो आहे आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमच्या वडिलांबद्दल किंवा आईबद्दल ठाम मत देणे योग्य होणार नाही, तरी तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोघांचाही त्रास हर्नियाचाच वाटतो. जुन्या लोकांच्या बोलण्यात याला अंतर्गळ किंवा ‘आतडे उतरणे’ म्हणतात. घरच्या मंडळींचे लक्ष साहजिकच मोठ्या आणि दुखणाऱ्या गाठीकडे जाते. मात्र हर्नियाचा धोका गाठीच्या आकारावर फारसा अवलंबून नसतो. गाठ ज्या छिद्रातून बाहेर येते त्याचे तोंड किती अरुंद आहे आणि बाहेर आलेला भाग परत आत जातो की नाही, यावर तो अवलंबून असतो. पेरूएवढी गाठ रुंद तोंडातून वर्षानुवर्षे आत-बाहेर करत राहते आणि सुपारीएवढी गाठ एका रात्रीत जिवावर बेतू शकते.

आपल्या पोटाची भिंत स्नायूंची आणि त्यांवरच्या चिवट पांढऱ्या पडद्यांची बनलेली असते. तिच्यात काही जागा जन्मतःच कच्च्या असतात. पुरुषांमध्ये अंडकोष गर्भावस्थेत पोटातून खाली उतरतो आणि त्याच्या रक्तवाहिन्यांसाठी जांघेत साधारण चार सेंटिमीटर लांबीची तिरकी वाट कायमची राहते. बेंबी म्हणजे तर नाळेची बुजलेली वाट. खोकताना, शौचाला जोर करताना किंवा पोते उचलताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि या कच्च्या जागेतून पोटाचे आतले अस्तर पिशवीसारखे बाहेर ढकलले जाते. त्या पिशवीत कधी आतड्याचे वेटोळे येते, कधी आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा येतो. माणूस आडवा झाला, दाब कमी झाला की ते आपोआप आत सरकते. तुमच्या वडिलांची गाठ झोपल्यावर जाते, याचा अर्थ आज तरी ती वाट मोकळी आहे.

आता ती अडकते तेव्हा काय होते ते पाहू, कारण पुढची सगळी लक्षणे त्यातूनच समजतात. एखाद्या वेळी जोर जास्त पडतो आणि नेहमीपेक्षा मोठे वेटोळे त्या तोंडातून बाहेर येते. बाहेर येताना ते दाबाने आले, परत जायला मात्र तसा दाब नाही. तोंडाची कडा पडद्याची असल्यामुळे ती ताणत नाही. वेटोळ्याच्या मानेवर फास बसतो. आधी दबतात त्या शिरा, कारण त्यांच्यातला रक्ताचा दाब कमी असतो. रोहिण्या मात्र अजून चालू असतात. म्हणजे रक्त आत येत राहते आणि बाहेर जाऊ शकत नाही. आतडे सुजते, सुजल्यामुळे फास आणखी घट्ट होतो आणि शेवटी रोहिण्याही दबतात. रक्तपुरवठा पूर्ण थांबला की आतड्याची भिंत काही तासांत मरू लागते. घड्याळ लावून सांगता येणार नाही, कारण फास किती घट्ट आहे यावर ते ठरते. तरी साधारण सहा तासांनंतर आतडे वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते असे धरून आम्ही काम करतो. तुमच्या दीड तासाच्या अंतराचा हिशेब या सहा तासांतून वजा करायला हवा.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक प्रसंग सांगतो. ५८ वर्षांचे एक शेतकरी, पाच वर्षांपासून उजव्या जांघेत गाठ, तुमच्या वडिलांसारखाच पट्टा. एका संध्याकाळी सातच्या सुमारास कांद्याच्या गोण्या ट्रॅक्टरवर चढवताना त्यांची गाठ बाहेर आली. आकार नेहमीएवढाच होता, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. ते खाटेवर पडले, गाठ हाताने दाबून पाहिली, पण ती नेहमीसारखी ‘गुडगुड’ करत आत गेली नाही. शेजाऱ्याकडची दुखण्याची गोळी घेतली. रात्री अकराला पहिली उलटी झाली, तिचा संबंध जेवणाशी लावला गेला. पहाटे चारला दुखणे बरेच कमी झाले आणि घरचे निर्धास्त झोपले. सकाळी थोडी शौचाला झाली, म्हणून पोट साफ झाले असे समजले. दुपारी पुन्हा हिरव्या उलट्या सुरू झाल्या तेव्हा ते माझ्याकडे आले. गाठ अडकल्याला तेव्हा १८ तास झाले होते.

त्यांची जीभ कोरडी पडली होती, नाडी मिनिटाला ११८ होती, पोट फुगून ताणले होते. गाठीवरची कातडी चकचकीत आणि किंचित लाल होती. हात लावताच ते कळवळले. मी त्यांना खोकायला सांगितले. गाठ जागची हलली नाही. खोकल्याचा धक्का बोटांना न लागणे ही खूण मी फार मोलाची मानतो, कारण त्याचा अर्थ पोटाची पोकळी आणि गाठ यांच्यामधली वाट पूर्ण बंद झाली आहे. सलाईन चालू केले, नाकातून पोटात नळी घातली, तिच्यातून लिटरभराहून जास्त हिरवट पाणी निघाले, प्रतिजैविके दिली आणि दीड तासात शस्त्रक्रियेला घेतले.

पिशवी उघडल्यावर काळसर, वास येणारे पाणी निघाले. आत साधारण १२ सेंटिमीटरचे वेटोळे होते, पिकलेल्या जांभळाच्या रंगाचे. निरोगी आतडे गुलाबी, ओलसर आणि चमकदार असते. हाताळले की संथपणे आकुंचन पावते. हे निस्तेज होते. आधी वेटोळे बोटांत धरून ठेवायचे आणि मगच फास कापायचा, हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. नाहीतर खराब झालेले आतडे सटकून पोटात जाते आणि पाहायलाच मिळत नाही. फास कापून वेटोळे कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळले, भूलतज्ज्ञांनी शुद्ध प्राणवायू वाढवला आणि आम्ही दहा मिनिटे थांबलो. कापड उलगडले तेव्हा दोन्ही टोकांकडे गुलाबी छटा परतली होती आणि मधला भाग तसाच काळपट, निपचित होता. शेवटी २० सेंटिमीटर आतडे कापून दोन टोके जोडावी लागली. जागा दूषित झाल्यामुळे त्या दिवशी मी कच्च्या जागेला आधार देणारी कृत्रिम जाळी बसवली नाही, टाके घालूनच दुरुस्ती केली. जखमेत पू झाला, ते नऊ दिवस दवाखान्यात राहिले आणि शेतीच्या कामाला लागायला तीन महिने गेले. ठरवून केलेल्या साध्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर माझा रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो.

या प्रसंगात तीन ठिकाणी वाट चुकली आणि तिन्ही ठिकाणी ती कोणाचीही चुकू शकते, म्हणून त्यांवर थोडे थांबतो. पहिले म्हणजे, आकार नेहमीएवढाच होता म्हणून दुर्लक्ष झाले. लक्षात ठेवण्याची खूण आकार ही नाही; रोज आत जाणारी गाठ आज जात नाही, ही ती खूण आहे. त्याबरोबर गाठ दगडासारखी टणक होणे, ताणल्यासारखी वाटणे आणि हात लावू न देण्याइतकी दुखणे. एवढे झाले की उलटीची वाट पाहायची नाही, निघायचे. उलट्या, पोट फुगणे, वारा न सरणे ही आतडे बंद झाल्याची लक्षणे आहेत आणि ती अनेकदा काही तासांनी येतात. गाठीवर लाली किंवा काळसरपणा, ताप, धडधड, हे त्याच्याही नंतरचे.

दुसरे म्हणजे, पहाटे दुखणे कमी झाले. अडकलेली गाठ आत गेली आणि दुखणे थांबले तर ती खरी सुटका असते. गाठ तशीच बाहेर असताना दुखणे ओसरले तर मला जास्त काळजी वाटते. त्या भागातल्या नसा निकामी होऊ लागल्या असतील, किंवा गोळीने वेदना झाकली असेल. म्हणून ‘आता बरे वाटते आहे’ असे वडील म्हणाले तर पुढचा प्रश्न एकच विचारा, ‘गाठ आत गेली का?’

तिसरे म्हणजे, सकाळी शौचाला झाली. फास बसलेल्या जागेच्या पुढचे आतडे रिकामे होताना एखादी शौचाला होऊ शकते. शिवाय कधीकधी आतड्याची पूर्ण गोलाई न अडकता एका बाजूची भिंत तेवढी चिमटीत सापडते. तेव्हा आतला मार्ग उघडा राहतो, वारा सरतो, शौचाला होते, पण चिमटीत सापडलेली भिंत आत मरत असते. चरबीचा पडदा अडकला असेल तर उलटीसुद्धा होत नाही, नुसती दुखरी टणक गाठ राहते. बाहेरून यांतले काय आहे ते घरी ओळखता येत नाही आणि ओळखण्याचा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नये.

गाठ अडकली असे वाटले तर घरी काय करावे? वडिलांना पाठीवर झोपवा, कमरेखाली एक-दोन उशा ठेवा म्हणजे कंबर छातीपेक्षा उंच होईल, आणि दोन्ही गुडघे दुमडू द्या. गुडघे दुमडले की जांघेतला ताण सैल होतो. त्यांना दहा-पंधरा मिनिटे शांत पडू द्या. या स्थितीत पुष्कळ गाठी कोणी हात न लावता आत जातात. त्यांना स्वतःच्या हाताने नेहमीच्या पद्धतीने हलके दाबायचे असेल तर एकदा दाबू द्या. गाठ गेली तर रात्र काढा, काही तास दुखणे, उलटी किंवा पोट फुगणे यांवर लक्ष ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी सर्जनला दाखवा, कारण एकदा अडकलेली गाठ पुन्हा अडकण्याचा संभव मोठा असतो. गेली नाही, तर दुसरा प्रयत्न नाही. गाठ खूप दुखत असेल, कातडी लाल झाली असेल, उलट्या होत असतील किंवा गाठ अडकून बरेच तास उलटले असतील तर हा पहिला प्रयत्नही करू नये.

इतके बजावून सांगण्याला कारण आहे. जोर लावून ढकललेली गाठ कधी पिशवी आणि फासासकट आत सरकते. बाहेरून जांघ सपाट दिसते, सगळे हुश्श करतात आणि फास मात्र पोटाच्या आत तसाच बसलेला असतो. माझ्याकडे अशी एक बाई आली होती. गाठ ‘बसवून’ दोन दिवस झाले होते आणि उलट्या थांबत नव्हत्या. दवाखान्यात आम्हीसुद्धा गाठ आत सरकवून पाहतो, पण थोडाच वेळ झालेला असताना, आतडे खराब झाल्याची कोणतीही खूण नसताना, वेदनाशामक इंजेक्शन देऊन, हळुवारपणे, आणि त्यानंतर रुग्णाला देखरेखीखाली ठेवून.

निघायचे ठरले की तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, चहा नाही. भूल देताना भरलेल्या पोटातले पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एरंडेल किंवा दुसरे कोणतेही जुलाबाचे औषध देऊ नका; बंद आतड्यावर ते जोर करते. गाठ तेलाने चोळू नका, गरम शेक देऊ नका. आणि अडकलेल्या गाठीवर पट्टा आवळू नका.

पट्ट्याबद्दल वडिलांशी बोलताना मी पुढीलप्रमाणे समजावतो. पट्ट्याने छिद्र बुजत नाही. झोपेतून उठण्याआधी, गाठ पूर्ण आत असताना बांधला तर दिवसभर तिला थोपवून धरतो, एवढेच. उभ्याने, गाठ बाहेर असताना बांधला तर तो आतड्यालाच दाबतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथली कातडी आणि आतले थर चिकटतात आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. हृदयविकारामुळे काही महिने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली तर मी स्वतः पट्टा देतो. त्यापलीकडे तो फक्त दिलासा आहे.

मग वडिलांची शस्त्रक्रिया करावीच का? इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलते आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. पुरुषाच्या जांघेतली गाठ सहज आत जात असेल आणि मुळीच त्रास देत नसेल, तर लक्ष ठेवून थांबणे सुरक्षित आहे. अमेरिकेत अशा ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थांबलेल्या गटात गाठ अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी दिसले. त्याच रुग्णांचा पुढे दहा वर्षे मागोवा घेतला तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली होती, बहुतेकांनी दुखणे वाढले म्हणून. तेव्हा गाठ दिसली की आजच कापा, असे मी कोणाला सांगत नाही. पण तुमच्या वडिलांची गाठ महिनाभरापासून दुखते आहे, ते रोज ओझे उचलतात आणि दवाखाना दीड तासावर आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर मी माझ्या वडिलांना येत्या काही आठवड्यांत, सोयीचा दिवस पाहून शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगितले असते.

त्याआधी सर्जनने त्यांना उभे करून, खोकायला लावून तपासले पाहिजे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निदान होते. आडव्या रुग्णाची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून हर्निया नाही असे होत नाही. जांघेतली प्रत्येक गाठ हर्निया नसते, हेही खरे. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येते, ते खोकल्यावर वाढत नाही आणि झोपल्यावर जात नाही. अंडकोषाच्या पिशवीत पाणी साचले तर सूज खालीच असते आणि तिच्या वर जांघेपाशी बोटांची चिमूट रिकामी मिळते. तुमच्या वडिलांना मी आणखी दोन प्रश्न विचारले असते: लघवीला जोर करावा लागतो का, आणि बिडीचा खोकला आहे का? साठीनंतर हर्निया वाढू लागला तर प्रोस्टेटची गाठ मागे असू शकते. तो जोर आणि तो खोकला आधी कमी केला नाही तर शिवलेल्या जागेवर रोज तोच ताण येत राहतो.

‘ऑपरेशन नको’ म्हणण्यामागे बहुतेकदा भुलेची भीती असते, असा माझा अनुभव आहे. जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया कमरेखालची भूल देऊन होते आणि हृदय किंवा फुप्फुस कमकुवत असेल तर फक्त त्या जागेला बधिर करूनही करता येते; मी ८० पार केलेल्या माणसांची अशी केली आहे. दुसरी भीती जाळीची आणि तिच्या खर्चाची. जाळी म्हणजे कच्च्या जागेवर बसवलेले विणलेले कापड, ज्यातून शरीराचे स्वतःचे तंतू वाढून भिंत मजबूत होते. या बाबतीत आपल्याकडचे दोन सर्जन मला आदराने आठवतात. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि २००३ साली सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीविना, रुग्णाच्याच स्नायूवरच्या पडद्याची पट्टी वापरून दुरुस्तीची पद्धत मांडली आणि ती परदेशांतही वापरली जाते. पद्धत कोणती हे तुमच्या सर्जनला सरावाने जे उत्तम जमते त्यावर सोपवा. काही लोकांना नंतर बरेच महिने जांघेत दुखत राहते, हे शस्त्रक्रियेपूर्वी वडिलांना सांगितलेले बरे. चालणे त्याच दिवशी, हलके काम एक-दोन आठवड्यांत. पोती उचलणे मात्र सहा आठवडे पूर्ण बंद.

आता आईविषयी. प्रौढ बाईची बेंबीजवळची गाठ बहुधा बेंबीच्या किंचित वर, मधल्या रेषेतल्या फटीतून येते. बाळंतपणे आणि वजन यांनी ती फट हळूहळू उघडते. तोंड सहसा अरुंद आणि कडा कठीण असते. गाठ पूर्ण आत जात नाही याचा अर्थ बहुतेक वेळा चरबीचा पडदा आत चिकटून बसला आहे. मऊ, न दुखणारी, वर्षानुवर्षे तशीच असलेली गाठ आत जात नाही एवढ्यावरून आज रात्री धावपळ करायची गरज नाही. हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण वडिलांसाठी सांगितलेली ‘आत न जाण्याची’ खूण आईला तशीच लागू होत नाही. आईच्या बाबतीत बदल पाहायचा. मऊ गाठ टणक झाली, मोठी झाली, नव्याने दुखू लागली, बेंबीचा रंग बदलला किंवा उलटी झाली, तर तिच्यासाठीही तोच सहा तासांचा हिशेब सुरू झाला असे समजा. चिकटलेल्या चरबीच्या मागोमाग त्याच अरुंद तोंडात आतड्याचा तुकडा शिरतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. बेंबीच्या बाबतीत थांबून बघण्याचा सल्ला मी पुरुषांच्या जांघेइतक्या मोकळेपणाने देत नाही. तिची शुगर आटोक्यात आणण्यासाठी दोन-तीन महिने घेणे मात्र योग्य आहे, कारण वाढलेल्या साखरेत जखम चिघळते आणि जाळीला पू लागला तर ती काढावी लागू शकते. वजन पाच-सात किलो उतरले तर टाक्यांवरचा ताणही कमी होईल.

आईला आणखी एक विचारा, आणि तिला संकोच वाटत असेल तर घरातल्या बाईने विचारावे: जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाला कधी छोटी गाठ लागते का? मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांशेजारच्या वाटेने येणारा हा हर्निया बायकांमध्ये, विशेषतः वयस्क आणि सडपातळ बायकांमध्ये जास्त दिसतो. त्याचे तोंड जेमतेम बोटभर आणि तिन्ही बाजूंनी कठीण असते. इंग्लंडमधल्या एका जुन्या पाहणीत असा हर्निया दिसू लागल्यापासून तीन महिन्यांत फास बसण्याची शक्यता सुमारे २२ टक्के आढळली होती. जांघेतल्या नेहमीच्या हर्नियात ती तीन टक्क्यांच्या आत होती. सत्तरीच्या एका आजींना तीन दिवस पित्त म्हणून गोळ्या मिळत होत्या. पोट सगळ्यांनी तपासले होते, लुगड्याची घडी कोणी बाजूला केली नव्हती. तिथे बोराएवढी टणक गाठ होती आणि तिच्यात आतडे होते. तेव्हापासून उलट्या होणाऱ्या कोणत्याही वयस्क बाईची जांघ पाहिल्याशिवाय मी तिला घरी पाठवत नाही. बाईच्या जांघेत गाठ लागली तर थांबून पाहण्याचा सल्ला मी देत नाही. ती लवकर दाखवावी आणि लवकर दुरुस्त करावी.

तुमच्या गावापासूनच्या अंतरासाठी थोडी तयारी आजच करून ठेवा. दीड तासावरच्या दवाखान्यांपैकी कुठे सर्जन आणि भूलतज्ज्ञ रात्री येतात, तिथे शस्त्रक्रियागृह चालू असते का, हे दिवसा फोन करून विचारून घ्या. नुसते सलाईन लावून सकाळी पुढे पाठवणाऱ्या ठिकाणी दोन तास जाणे परवडणार नाही. १०८ ची रुग्णवाहिका गावात यायला नेहमी किती वेळ लागतो ते गावातल्यांना विचारा आणि त्यापेक्षा गाडी लवकर मिळत असेल तर तिची व्यवस्था ठरवा. दोघांची औषधे एका कागदावर लिहून ठेवा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी आणि शुगरची औषधे. दवाखान्यात पोचल्यावर ‘पोटात दुखते’ असे सांगू नका. गाठ कुठे आहे, एरवी ती आत जाते का, किती वाजल्यापासून गेली नाही आणि शेवटचे खाणेपिणे कधी झाले, हे आधी सांगा. त्यासाठी गाठ अडकल्याची वेळ घरून निघतानाच त्या औषधांच्या कागदावर लिहून घ्या.